‘वदनी कवळ’ आणि आमच्या घरातली जादा ओळ

साताऱ्यात आमच्या घरी जेवताना ‘वदनी कवळ घेता’ झालं की एक ओळ जास्तीची म्हणतात: “पिकवणाऱ्याचं ऋण, आणि ज्याच्या पुढं ताट नाही त्याची आठवण.” पाहुणे विचारतात, हे कुठल्या पोथीतलं? पोथीतलं नाही, माणदेशातलं आहे.

मूळ श्लोक समर्थांच्या नावावर चालतो. सज्जनगड जवळच असल्यामुळे साताऱ्यात त्याबद्दल कुणी शंकाही घेत नाही. पण मनाच्या श्लोकांत तो नाही. तिथला जेवणाचा श्लोक वेगळा, ८९ वा, ‘जनी भोजनी नाम वाचे वदावे’. तो भुजंगप्रयातात, म्हणजे ओळीला बारा अक्षरं. ‘वदनी कवळ’ मालिनीत, पंधरा अक्षरं, आठव्यावर थांबा. म्हणून तिसरी ओळ ‘जिवन करि जिवित्वा’ अशी ऱ्हस्व म्हटली तरच चालीत बसते. ‘जीवन करी’ म्हणणारी पोरं तिथं हमखास अडखळतात.

श्लोकाचा अर्थ पाहिला तर त्यात हरिनाम आहे, अन्न पूर्णब्रह्म आहे, जेवण म्हणजे यज्ञ आहे. उपाशी माणूस मात्र शब्दांत कुठंच नाही. तो ‘यज्ञकर्म’ या शब्दाच्या पोटात आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (३.१३) म्हटलंय की जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. यज्ञ करून उरलेलं खायचं, म्हणजे आधी दुसऱ्याचा वाटा काढायचा. हा वाटा तोंडानं म्हणायचा नव्हता, हातानं काढायचा होता. कुठं ताटाबाहेर चित्राहुती, कुठं गाईचा घास, कावळ्याचा घास. शेतकऱ्याच्या घरी तर तो खळ्यावरच निघायचा. धान्य घरी यायच्या आधी बलुतेदार आणि मागणारे पदर पसरून उभे असत. (ते काही निव्वळ प्रेमानं दिलं जायचं असं नाही. कुणाच्या पदरात किती आणि किती लांबून, हे जातीवर ठरायचं.)

पुढं खळी गेली, मळणीयंत्र आलं. आता गहू पोत्यातून येतो आणि आम्ही फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर जेवतो. हातानं काढायचा वाटा गेला, नुसता श्लोक राहिला.

जादा ओळ आजीची. १९७२ च्या दुष्काळात ती माणमध्ये रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. तिथं खायला सुकडी मिळायची, घरी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. ती भाकरी थापताना फाटायची, म्हणून आजी पिठात उकळतं पाणी घालायची. एके दिवशी शेजारच्या पाटीवरची बाई सुकडी न खाता पदरात बांधताना दिसली. आजीनं कारण विचारलं नाही, आपल्यातली मूठभर तिच्या पदरात टाकली. साताऱ्याला आल्यावर नातवंडांचा श्लोक ऐकून ती म्हणाली, “ह्यात ती बाई कुठाय?”




मग तिनंच ओळ जोडली. ती मालिनीत बसत नाही, त्यामुळे चाल मोडून नुसती बोलावी लागते.