पुनर्कथन आणि सारांश: वाचनाच्या तासाला एकच समजली जाणारी दोन कामे

पाचवी ते आठवीच्या वर्गात उतारा वाचून झाला की शिक्षक म्हणतात, “आता थोडक्यात सांगा.” एखादे मूल उभे राहते आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, मधले काही गाळत, सगळे सांगून टाकते. त्याला शाबासकी मिळते आणि सारांश झाला असे सगळे मानतात. प्रत्यक्षात त्या मुलाने पुनर्कथन केलेले असते. पुनर्कथन हे चांगले आणि आवश्यक काम आहे, पण ते सारांश नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की सारांश शिकवायचाच राहून जातो आणि तो राहून गेल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुनर्कथनात वाचक मजकुराचा क्रम धरून चालतो. काय आले, मग काय आले, शेवटी काय झाले, हे तो आपल्या शब्दांत सांगतो आणि जितके अधिक आठवेल तितके ते पुनर्कथन चांगले ठरते. सारांशात याच्या उलट घडते. मजकुरातील कोणत्या गोष्टीवर बाकीच्या गोष्टी उभ्या आहेत हे वाचकाला ठरवावे लागते, त्यासाठी क्रम मोडावा लागतो, खऱ्या आणि रोचक गोष्टीसुद्धा सोडाव्या लागतात आणि पुष्कळदा मजकुरात कुठेच नसलेले वाक्य स्वतः तयार करावे लागते. पुनर्कथनाची कसोटी काय आठवले ही असते आणि सारांशाची कसोटी काय निवडले ही असते.

हा फरक उदाहरणाशिवाय नीट कळत नाही, म्हणून सहावीच्या वर्गासाठी तयार केलेला एक छोटा उतारा घेऊ.

“मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांकडील भागात भरतीबरोबर खारे पाणी बरेच आत शिरते. तिथल्या काठांवरील सखल जमिनीला खाजन म्हणतात. गावकऱ्यांनी चिखल, दगड आणि पेंढा वापरून बांध घातले आणि ही जमीन लागवडीखाली आणली. बांधात मानस असते आणि तिला लाकडी दारे असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाब देते तेव्हा दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी दारे उघडून नदीत जाते. पावसाळ्यात येथे कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. मानशीजवळ जाळे लावून मासे आणि कोळंबी पकडतात. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पीक हातचे जाते.”

पुनर्कथन करणारे मूल साधारण असे सांगेल: “नदीचे खारे पाणी आत येते. तिथल्या जमिनीला खाजन म्हणतात. लोकांनी बांध घातले. मग त्यात मानस असते, ती भरतीला बंद होते. मग तिथे भात होते. मासे पण पकडतात. बांध फुटला तर पीक जाते.” यात चूक काहीच नाही. मुलाने उतारा ऐकला आहे, वाचला आहे आणि लक्षात ठेवला आहे. परंतु भात आणि मासे यांना त्याने सारखेच वजन दिले आहे, आणि बांध, मानस व पीक यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्याला कळले की नाही, हे या उत्तरावरून सांगता येत नाही.

याच उताऱ्याचा सारांश असा होऊ शकेल: “बांध आणि मानस मिळून भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवतात, म्हणूनच खाजनात भातशेती होते, ही व्यवस्था मोडली की शेतीही जाते.” हे वाक्य उताऱ्यात कुठेही नाही. तिसरे, पाचवे, सातवे आणि नववे अशी चार वाक्ये मनात एकत्र आणल्यावरच ते तयार होते. त्यात ‘म्हणूनच’ हा शब्द आला आहे आणि तो मुलाने स्वतः घातलेला आहे. आकलन झाले की नाही, याचा पुरावा त्या एका शब्दात आहे.

मुले तिथपर्यंत कशी पोहोचतात, याविषयी ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन आजही उपयोगी आहे. सारांश करताना वाचक काय काय करतो, याची त्यांनी फोड केली: क्षुल्लक तपशील गाळणे, पुन्हा आलेला मजकूर गाळणे, यादीतील वस्तूंना एका व्यापक नावाखाली आणणे, मजकुरात मुख्य वाक्य असेल तर ते निवडणे आणि नसेल तर ते रचणे. यांपैकी गाळण्याचे काम पाचवीतील मुलांनाही जमते. मुख्य वाक्य रचणे सर्वांत कठीण असून ते फार उशिरा येते. म्हणून लहान मुले वाचता वाचता काही वाक्ये सोडतात आणि उरलेली जवळजवळ जशीच्या तशी उतरवतात. आपल्या वह्यांमध्ये ‘सारांश’ या शीर्षकाखाली बहुतेक वेळा हेच सापडते.

खाजनाच्या उताऱ्यावर हे काम फळ्यावर करून दाखवता येते. ‘चिखल, दगड आणि पेंढा’ खोडून फक्त ‘बांध’ ठेवायचा. बांध कशाचा आहे याने मुख्य विचार बदलत नाही, हे मोठ्याने म्हणायचे. ‘मासे आणि कोळंबी’ यांच्या जागी ‘मासळी’ लिहायचे. भरती आणि ओहोटीची दोन वाक्ये ‘मानस पाण्याची ये-जा सांभाळते’ एवढ्यावर आणायची. इथपर्यंत मुले उत्साहाने साथ देतात. खरी अडचण शेवटच्या वाक्यापाशी येते. बांध फुटणे हा एखाद्या वेळचा अपघात आहे असे समजून मुले ते वाक्य पहिल्या फेरीतच खोडतात. वास्तविक बांध कशासाठी आहे, हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारे वाक्य तेच आहे. त्या क्षणी शिक्षकाने उत्तर सांगून टाकू नये. “हे वाक्य काढले तर बांधाचे काम काय, हे उताऱ्यातून कळेल का?” एवढे विचारून थांबावे.

आता मासळीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो, आणि तो महत्त्वाचा आहे. वरच्या सारांशात मासळी नाही, कारण तो ‘खाऱ्या पाण्याशेजारी शेती कशी होते?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न ‘खाजनातून गावाला काय मिळते?’ असा असता, तर भात आणि मासळी या दोन्ही गोष्टी मुख्य ठरल्या असत्या आणि मानशीची दारे कशी मिटतात हा तपशील गळला असता. कोणता प्रश्न मनात आहे हे ठरल्याशिवाय महत्त्वाचे काय हे ठरत नाही. पुनर्कथनाला असा प्रश्न लागत नाही, सारांशाला लागतो. ‘महत्त्वाचे तेवढे लिहा’ या सूचनेवर मुले गोंधळतात याचे कारण हेच आहे.

म्हणून भाकीत करणे, प्रश्न विचारणे आणि सारांश सांगणे ही कौशल्ये तीन वेगवेगळ्या तासांना शिकवण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. पहिली दोन वाक्ये वाचून थांबावे आणि या जमिनीत पुढे काय होत असेल, हे मुलांना विचारावे. बहुतेक जण म्हणतील की खाऱ्या पाण्यामुळे तिथे काही उगवत नसेल. हे भाकीत चुकीचे असले तरी चांगले आहे, कारण त्याला उताऱ्यातील ‘खारे पाणी’ या शब्दांचा आधार आहे. उताऱ्यातील कोणत्या शब्दांवरून असे वाटले, हे सांगता येत नसेल तर तो नुसता तर्क समजावा. तिसरे वाक्य वाचताच भाकीत मोडते आणि प्रश्न आपोआप उभा राहतो: मग इथे पिकते कसे? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत उरलेला उतारा वाचला की सारांशाचे वाक्य मुलांच्या तोंडी अर्धे आलेलेच असते.

ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या पद्धतीत ही कामे अशीच गुंफलेली आहेत. छोट्या गटात एक परिच्छेद वाचायचा, त्या फेरीच्या गटप्रमुखाने प्रश्न विचारायचा, सारांश सांगायचा, अडलेले शब्द किंवा मुद्दे उलगडायचे आणि पुढे काय येईल याचे भाकीत करायचे. पुढच्या परिच्छेदाला गटप्रमुख बदलतो. या पद्धतीत सारांश ही वाचकाने स्वतःची घेतलेली तपासणी असते. परिच्छेदाचा सारांश सांगता आला नाही, तर तो परिच्छेद कळलेला नाही हे मुलाला स्वतःलाच उमगते आणि ते मागे जाऊन पुन्हा वाचते. पुनर्कथनातून हा इशारा मिळतोच असे नाही, कारण न कळलेली वाक्येही पाठ म्हणता येतात.

पुस्तक उघडे ठेवून सारांश लिहायला लावले की मुले वाक्ये उतरवतात आणि पुस्तक मिटले की तीच स्मरणाची परीक्षा होते. यावर एक मधला मार्ग आहे: परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, जोडीदाराला एका वाक्यात तोंडी सांगावे, पुस्तक उघडून ते वाक्य पडताळावे आणि मगच लिहावे. सुरुवातीचे परिच्छेद चार-पाच वाक्यांहून मोठे नसावेत.

पुनर्कथनाला स्वतःची जागा आहे, आणि गोव्यात ती थोडी अधिक आहे. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी माध्यम आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात मराठी हा केवळ एक विषय, असा प्रवास येथील पुष्कळ मुले करतात. अशा मुलाला नवा उतारा आधी कोकणीत सांगू द्यावा. घटना आणि वस्तू त्याच्या मनात नीट बसल्या आहेत की नाहीत, हे त्यातून कळते. काय निसटले आणि कोणता शब्द उलटा समजला, हेही दिसते. सारांशात हे दिसत नाही, कारण उताऱ्याचे पहिले वाक्य उचलून देणारे मूल काही न समजताही बरोबर भासू शकते. विज्ञान किंवा समाजशास्त्राचा इंग्रजी धडा असेल, तर त्याच भाषेतले पुनर्कथन लवकर पाठांतराकडे झुकते. तेथे एका वाक्याचा सारांश मराठीत किंवा कोकणीत मागणे अधिक विश्वासार्ह ठरते.

गोष्टीच्या बाबतीत दोन्ही कामे एकमेकांच्या बरीच जवळ येतात, कारण घटनांचा क्रम हाच गोष्टीचा सांगाडा असतो. त्यामुळे सारांशाची सुरुवात गोष्टीपासून केली तर मुलांना फरक जाणवत नाही. माहितीपर उताऱ्यापासून सुरुवात करावी आणि गोष्टीकडे नंतर यावे.

वही तपासताना दोहोंतला फरक लवकर ओळखता येतो. लिखाणातील मुद्द्यांचा क्रम उताऱ्याप्रमाणेच असेल, वाक्ये ‘मग’ आणि ‘नंतर’ यांनी जोडलेली असतील आणि उतारा दुप्पट मोठा दिला की उत्तरही दुप्पट होत असेल, तर ते पुनर्कथन आहे. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘तरीही’ असे शब्द मुलाने स्वतः आणले असतील आणि दूर दूर असलेली दोन वाक्ये एकत्र आली असतील, तर सारांश सुरू झाला आहे. परीक्षेतील एक तृतीयांश शब्दांचा नियम ही पारख करू शकत नाही, कारण दर तीन वाक्यांतून दोन गाळूनही तो पाळता येतो. म्हणून तपासताना लांबीला थोडे गुण ठेवावेत आणि उताऱ्यात नसलेल्या पण उताऱ्यातून निघणाऱ्या एका वाक्याला अधिक गुण द्यावेत.