ट्रॉली प्रॉब्लेम: ड्रायव्हर खाली उतरला आणि भानगड सुरू झाली

मीममुळे ट्रॉली प्रॉब्लेम आता सगळ्यांना पाठ आहे. ब्रेक फेल झालेली गाडी, रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक, आणि खटक्यापाशी उभे तुम्ही. पण मूळ गोष्टीत हे "तुम्ही" नव्हतातच, तिथे गाडीचा ड्रायव्हर होता. हा बदल बारीक वाटतो खरा, पण पुढची चाळीस वर्षं तत्त्वज्ञानातली मंडळी जी डोकेफोड करत बसली ती बरीचशी यामुळेच.

१९६७ साली फिलिपा फुट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञ बाईंनी एक निबंध लिहिला, विषय होता गर्भपात. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गर्भपाताचा कायदा झाला, म्हणजे वातावरण तापलेलंच होतं. कॅथलिक परंपरेत एक जुना नियम आहे, एखाद्याचं नुकसान हे तुमचं साधन किंवा हेतू असेल तर ते पाप, पण चांगलं काम करताना ते नुसतं बाजूने घडत असेल, तुम्हाला आधी दिसत असलं तरी, तर कधीकधी चालतं. फुटबाईंना हा नियम तपासायचा होता आणि त्यासाठी त्यांनी उदाहरणांची एक रांगच लावली, ट्राम ही त्यातली फक्त एक. ट्रामचा ड्रायव्हर गाडी पाच कामगारांवरून एकाकडे वळवू शकतो, आणि बहुतेकांना ते पटतं. पण दंगलखोर जमाव पाच ओलिसांना मारेल म्हणून जज एका निरपराध माणसाला फाशी देतो, तर ते कोणालाच पटत नाही. दोन्हीकडे हिशोब एकास पाचच, मग फरक कुठे आहे?

जुना नियम म्हणतो फरक हेतूत. जजला त्या माणसाचं मरण हवं आहे, ड्रायव्हरला नको आहे, बाजूच्या रुळावरचा माणूस कसाबसा वाचला तर ड्रायव्हर आनंदाने उडीच मारेल. इथपर्यंत ठीक. पण मग फुटबाई एक हॉस्पिटल आणतात, आणि माझ्या मते सगळ्या निबंधातली सगळ्यात हुशार चाल हीच आहे. पाच पेशंट वाचवायला एक गॅस तयार करावा लागतो, पण तो करताना विषारी वाफ शेजारच्या खोलीत जाते आणि तिथल्या पेशंटला हलवता येत नाहीये. त्याचं मरण कोणाला नकोय, त्याचा काही उपयोगही नाही, तो वाचला तर सगळे खूश. म्हणजे जुन्या नियमाप्रमाणे चालायला हवं. पण चालत नाही ना? आपण गॅस बनवणार नाही.

म्हणून त्यांनी हेतू बाजूला ठेवला आणि "करणं" आणि "होऊ देणं" यातला फरक पुढे केला. कोणाला इजा न करणं हे एक कर्तव्य, कोणाला मदत करणं हे दुसरं, आणि पहिलं साधारणपणे जास्त कडक. गॅसवाला डॉक्टर काहीच न करता बसला तर पाच जणांना तो मरू देतो, गॅस बनवला तर एकाला मारतो, म्हणून बसून राहावं. ड्रायव्हरचं तसं नाही, तो चालवतोय ती गाडी कोणाला ना कोणाला चिरडणारच, त्याच्यापुढे पाचांना मारणं की एकाला मारणं एवढंच आहे, मग कमी मारावं. पुढे त्यांनी आणखी एक जोडी दिली. पाच जण बुडतायत म्हणून तुम्ही गाडी दामटवताय, वाटेत दुसरीकडे एक जण संकटात दिसतो, त्याला सोडून पुढे गेलात तर कोणी बोट दाखवणार नाही. पण तोच माणूस अरुंद रस्त्यात अडकून पडलाय आणि पुढे जायचं तर त्याच्या अंगावरून गाडी न्यावी लागेल, तर? पाच तेच, एक तोच, गाडी तीच, पण उत्तर उलटं.

एवढं सगळं छान जमलं होतं आणि मग अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ जुडिथ जार्विस थॉमसन आल्या. "ट्रॉली प्रॉब्लेम" हे नाव त्यांनीच १९७६ मध्ये दिलं. १९८५ च्या लेखात त्यांनी ड्रायव्हरला बाजूला केलं आणि रुळाशेजारी एक वाटसरू उभा केला, ज्याला सांधा बदलता येतो. हा काही सांधेवाला नाही, त्याची ड्युटी नाही, त्याचा गाडीशी संबंधच नाही. त्याने हात खिशात ठेवले तर तो पाचांना मारत नाही, फक्त मरू देतो, आणि सांधा बदलला तर एकाला मारतो. फुटबाईंच्या हिशोबाने हा गॅसवाल्या डॉक्टरसारखाच झाला, म्हणजे त्याने हात लावू नये. पण लोकांना विचारलं की बहुतेक म्हणतात, बदल की बाबा सांधा! आणि पुलावरच्या जाड्या माणसाला खाली ढकलून गाडी अडवशील का विचारलं तर तेच लोक नाही म्हणतात. खरा ट्रॉली प्रॉब्लेम तो हा, वाटसरूला सांधा बदलायची परवानगी का आणि ढकलायची का नाही.

इथे एक गैरसमज फार दिसतो, की करणं म्हणजे हात हलवणं आणि होऊ देणं म्हणजे गप्प बसणं. तसं नाहीये. व्हेंटिलेटरची नळी डॉक्टरने पेशंटच्या इच्छेनुसार काढली तर आपण म्हणतो त्याने उपचार थांबवले, आजाराने माणूस गेला. तीच नळी रात्री गुपचूप येऊन इस्टेटीवर डोळा असलेल्या पुतण्याने काढली तर तो सरळ खून. हाताची हालचाल तीच, फरक एवढाच की मदत कोण देत होतं आणि ती थांबवायचा हक्क कोणाचा. आपल्याकडे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वर्षानुवर्षं निपचित पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ साली याच रेषेवर निकाल दिला, इंजेक्शन देऊन मारणं बेकायदा, पण जगवणारे उपचार काढून घेणं हायकोर्टाच्या परवानगीने चालेल. खुद्द अरुणाताईंसाठी मात्र ती परवानगी मिळाली नाही, केईएमचा स्टाफ त्यांना सांभाळत होता आणि त्यांचा विरोध होता. त्या २०१५ मध्ये गेल्या.

आता परत रुळावर येऊ, कारण गोष्टीतला ट्विस्ट बाकी आहे. २००८ मध्ये थॉमसनबाईंनी स्वतःचंच म्हणणं मागे घेतलं, जे या धंद्यात क्वचित घडतं. अलेक्झांडर फ्रीडमन यांच्या प्रबंधावरून त्या विचार करायला लागल्या आणि त्यांनी वाटसरूला तिसरा रूळ दिला. काही न करता पाच मरतील, उजवीकडे वळवली तर एक अनोळखी मरेल, डावीकडे वळवली तर वाटसरू स्वतः मरेल. त्याने स्वतःचा जीव द्यायलाच पाहिजे असं कोणी म्हणणार नाही. पण स्वतः द्यायला तयार नसताना त्याने शेजारच्याचा जीव द्यायचा? हे म्हणजे दान करायची हौस आहे पण पैसे दुसऱ्याच्या खिशातून काढायचे. आणि मग त्या विचारतात, डावा रूळ उखडून टाकला, स्वतः मरायचा पर्यायच उरला नाही, तर काय अचानक दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा हक्क मिळाला? नाही मिळाला. म्हणून वाटसरूने सांधा बदलू नये. ड्रायव्हरने मात्र वळवावी. म्हणजे एवढं फिरून गाडी परत फुटबाईंच्याच स्टेशनात आली.

मला स्वतःला इथे एक खडा टोचतो. ब्रेक आपोआप फेल झाले, ड्रायव्हरची काही चूक नाही, आणि त्याने घाबरून हात वर केले तर "त्याने पाच जणांना मारलं" असं आपण खरंच म्हणू का? नुसता तो त्या सीटवर बसलाय म्हणून? तो आणि बाहेरचा वाटसरू, दोघांपुढे खटका सारखाच आहे. थॉमसनबाईंचा सगळा डोलारा या एका सीटवर उभा आहे. आणि तत्त्वज्ञानवाल्यांनाही तो फारसा पटलेला दिसत नाही, फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या वेबसाइटने २०२० मध्ये तत्त्वज्ञांचा जो सर्व्हे घेतला त्यात साधारण ६३ टक्के सांधा बदला म्हणाले, नको म्हणणारे जेमतेम १३, आणि पुलावरून ढकला म्हणणारे २२ टक्के.