जपानी 'समजतं' आणि जपानी 'येतं', यातला गोंधळ

मराठीत आपण किती सहज म्हणतो बघा, "मला गुजराती समजतं पण येत नाही." मुंबईत अर्ध्या लोकांचं हेच असतं, शेजारच्या काकू फोनवर काय बोलतायत ते सगळं कळतं पण उत्तर द्यायची वेळ आली की हिंदी सुरू. पण हेच आपण पैसे भरून, पुस्तकं आणून एखादी भाषा शिकत असलो की 'समजतं' म्हणजे थोडंफार 'येतं'च, असं धरून चालतो, आणि मग दोन वर्षं एकाच जागी का अडकलोय ते कळत नाही.

मी जपानी शिकतोय, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन थ्री ही मधली पातळी पास आहे. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबर, आणि त्यात बोलणं शून्य, लिहिणं शून्य. सगळ्या प्रश्नांना तीन-चार पर्यायांतून निवडून गोळा काळा करायचा. म्हणजे उत्तर आयतं दिलेलंच असतं, तुम्ही फक्त ओळखायचं. सर्टिफिकेट खरंच आहे, पण ते 'समजतं'चं आहे.

मला हे कळलं ते ऑफिसच्या कॉलवर. रात्री सर्व्हर आपोआप बंद पडला होता, मी जपानी क्लायंटला मोठ्या रुबाबात सांगितलं, "साबा ओ तोमेमाशिता." पलीकडे दोन सेकंद शांतता, मग अगदी नम्रपणे प्रश्न आला की का थांबवला? कारण मी म्हटलं होतं 'सर्व्हर थांबवला', आणि म्हणायचं होतं 'सर्व्हर थांबला', म्हणजे "साबा गा तोमारिमाशिता."

आता गंमत अशी की हा फरक मला माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. तोमारु म्हणजे थांबणं, तोमेरु म्हणजे थांबवणं, आपल्याकडे पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं आहे तशीच जोडी. परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत टिक केलं असतं. मग तोंडातून चुकीचं का आलं?

कारण ऐकताना त्या एका स्वराची गरजच पडत नाही. कुणी म्हटलं की पावसामुळे गाडी तोम-काहीतरी झाली, तर पाऊस आणि गाडी या दोन शब्दांवरच डोकं अर्थ लावून मोकळं होतं, शेपूट ऐकायच्या आधीच. त्यात कर्त्याचा 'गा' आणि कर्माचा 'ओ' हे प्रत्यय मदतीला असतात, समोरचा प्रसंग असतो. बोलताना यातलं काहीच हाताशी नसतं, प्रत्यय पण तुम्हीच निवडायचा आणि क्रियापदाचं शेपूट पण, ते पण अर्ध्या सेकंदात. तर ओळखणं हे एक काम आणि रिकाम्या जागेतून शब्द उपसून काढणं हे दुसरं काम, पहिलं हजार तास केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

कॅनडात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. तिथे इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधूनच शिकायची, वर्षानुवर्षं. ऐकून-वाचून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्याच. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये यावरून मांडलं की नुसतं समजेल असं ऐकवणं पुरत नाही, बोलायलाही भाग पाडावं लागतं, आणि पुढे असंही म्हटलं की बोलायला लागलं की माणसाला स्वतःची भोकं दिसतात.

आपलं कुठलं अडलंय ते कसं ओळखायचं? मी जे केलं ते सांगतो. एक मिनिटाचा सोपा ऑडिओ घ्या ज्याचं लिखित पान पण आहे, दोनदा ऐका, मग पान न बघता तेच आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. माझ्या ऑडिओत एक वाक्य होतं, "ओओआमे दे देन्शा गा तोमात्ते, काइशा नि ओकुरेमाशिता", म्हणजे मुसळधार पावसाने गाडी थांबली आणि ऑफिसला उशीर झाला (आपल्यासाठी जुलैमधला कुठलाही मंगळवार). मी सांगितलं काय, "आमे दा कारा देन्शा ओ तोमेते, काइशा नि ओसोइ देशिता." म्हणजे मुसळधार गेलं, नुसता पाऊस राहिला, गाडी मीच रुळावर उभं राहून थांबवली, आणि शेवटचं 'ओसोइ देशिता' तर व्याकरणातच बसत नाही, ओकुरेरु हे क्रियापद सरळ होतं पण वेळेवर आलंच नाही.

या तीन चुकांत एकही शब्द मला नवा नव्हता, आणि निदान तिथेच होतं. भोकं माहीत असलेल्या शब्दांचीच असतील तर अजून पॉडकास्ट, अजून शब्दांच्या याद्या यांनी काही होणार नाही. उलट ऐकतानाच दर वाक्याला दोन-तीन शब्द अडत असतील तर तुमचं दुखणं वेगळं आहे, तुम्ही खुशाल ऐकत-वाचत राहा, बोलण्यावर जबरदस्ती नको. (तिथेही वेग मंदावतो पण कारण साधं आहे, सुरुवातीचे शब्द दिवसातून दहादा भेटायचे, आताचे महिन्यातून एकदा भेटतात.)

उपाय म्हणून मी फ्लॅशकार्ड उलटे केले. आधी जपानी बघून मराठी अर्थ आठवायचो, आता समोर मराठी वाक्य, तोंडाने जपानी, आणि शब्द नाही तर जोडीतली दोन वाक्यं. काच फुटली, "गारासु गा वारेमाशिता". मी काच फोडली, "गारासु ओ वारिमाशिता". दिवा विझला, "देन्की गा किएमाशिता". मी दिवा बंद केला, "देन्की ओ केशिमाशिता". दिवसाला आठ-दहा, जास्त नाही. आणि आठवड्यातून दोनदा तेच एक मिनिटाचं सांगणं, तीच गोष्ट तीनदा, दर वेळी थोड्या कमी वेळात. मध्ये थांबून पानाशी ताडून बघायचंच, नाहीतर चुकीचं वाक्य फक्त जोरात पळायला लागतं आणि घट्ट बसतं, माझं 'ओसोइ देशिता' असंच बसलं होतं.

ऑडिओच्या मागोमाग पुटपुटणं यात धरू नका हं, उच्चाराला चांगलं आहे पण शब्द तिथे कानात आयता मिळतो, उपसावा लागत नाही.

जागेचा प्रश्न मुंबईत आहेच. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने मोठ्याने बोलणं शक्य नाही, तिथे मी नोट्समध्ये टाइप करतो, ते पण उपसणंच आहे फक्त वेळ जास्त मिळतो. बोलणं चर्चगेटपासून ऑफिसपर्यंत चालताना, कानात इअरफोन घालून. कुणी ढुंकून बघत नाही, सगळ्यांना वाटतं फोन चालू आहे.

फरक पडतोय का ते अस्खलितपणावर बघू नका, तो लवकर दिसत नाही. चूक कधी लक्षात येते ते बघा. आधी मला रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळायचं, मग वाक्य संपता संपता कळायला लागलं. मागच्या महिन्यात कॉलवर मी "साबा ओ..." म्हणून थांबलो, "साबा गा तोमारिमाशिता" म्हटलं, आणि या वेळी पलीकडून प्रश्न आला की परत सुरू कधी होईल.