गाळा मालकाला स्वतःला हवा असतो तेव्हा: ‘प्रामाणिक गरजे’च्या दाव्यामागचा इतिहास

दुकानाचा गाळा रिकामा करून मागणाऱ्या दाव्यात जुन्या भाडेकरूचा पहिला बचाव बहुधा एकच असतो: ‘मालकाला गरज नाही, त्याला फक्त जास्त भाडं हवंय.’ तो बऱ्याचदा खराही असतो. पण महाराष्ट्रात एवढ्यावर दावा क्वचितच फेटाळला जातो. याचं कारण कायद्याच्या वाटचालीत आहे.

मुंबई प्रांतात भाडेनियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. पुढे 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं साधारण 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला काढण्याची कारणं मोजकीच ठेवली. त्यांतलं एक कलम 13(1)(ग): जागा मालकाला स्वतःच्या वापरासाठी वाजवी आणि प्रामाणिकपणे हवी असणं. घर आणि दुकान असा भेद त्यात नव्हता. दिल्लीच्या कायद्यात मात्र ही सोय फक्त राहत्या जागेपुरती होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेद रद्द केल्यावर तिथल्या दुकानमालकांना हा मार्ग मोकळा झाला.

भाडं गोठलेलं आणि बाजारभाव चढत गेलेला, त्यामुळे हे कलम मालकांचं मुख्य हत्यार बनलं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवण्याची मुभा मिळाली, पण गरजेचं कलम जवळपास त्याच शब्दांत 16(1)(ग) म्हणून पुढे आलं.

‘गरज’ म्हणजे किती गरज, यावरच खरी झुंज झाली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं. मालक नोकरदार होता आणि त्याला गाळ्यात किराणा दुकान टाकायचं होतं. खालच्या न्यायालयांनी बोट ठेवलं ते त्याने अजून नोकरी सोडलेली नाही आणि त्याला धंद्याचा अनुभव नाही यावर. सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढलं. नुसती इच्छा पुरेशी नाही, पण अगदी नडलेलं असायलाही नको. वाजवी गरज या दोहोंच्या मधे कुठेतरी असते. आधी नोकरी सोड आणि मग जागा माग, असं मालकाला सांगता येत नाही. तेव्हापासून ‘धंदा त्याला जमणार नाही’ हा बचाव फारसा चालत नाही.

मग भाडेकरूच्या हातात काय उरतं? माझ्या मते त्याचा सर्वात भक्कम आणि सर्वात दुर्लक्षित आधार म्हणजे कलम 16(2). गरज सिद्ध झाली तरी, जागा रिकामी करण्याचा हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास न दिल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा असेल, तर न्यायालय तो देऊ शकत नाही. दोघांपैकी कोणाला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे, हेही इथे पाहिलं जातं. पण नुसतं ‘माझं पोट यावर आहे’ म्हणून भागत नाही. श्रीनगरच्या एका हॉटेलच्या जागेबाबत 1979 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ताबा गेला की भाडेकरूचे हाल होतातच, आणि कायदा करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. दुसरी जागा शोधली आणि मिळाली नाही, हे दाखवावं लागतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालकाला मुलासाठी औषधांचं दुकान काढायचं आहे आणि भाडेकरूचं तिथे स्टेशनरीचं दुकान आहे. मुलाने फार्मसीची पदविका घेतली असेल, तर त्याच्या हेतूवर शंका घेण्यात उलटतपासणी खर्ची घालणं व्यर्थ. त्यापेक्षा दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा. मालकाने गेल्याच वर्षी त्याच इमारतीतला दुसरा गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिल्याचा नोंदणीकृत करार सापडला आणि वादपत्रात त्याचा उल्लेखच नसला, तर तो कागद दहा साक्षींना भारी पडतो. स्वतःच्या बाजूने कोणते गाळे पाहिले, कधी, किती भाडं सांगितलं गेलं, हे तारखांनिशी मांडावं आणि एखादा दलाल साक्षीला आणावा. गाळ्याला दोन शटर असतील, तर अर्ध्या भागाचाच हुकूमनामा मागता येतो. एका भागापुरता ताबा देऊन कोणालाच त्रास होणार नसेल, तर तेवढ्याचाच हुकूम द्यावा, असं त्याच कलमात आहे. हे सगळं कैफियतीत, म्हणजे दाव्याला भाडेकरूने दिलेल्या लेखी उत्तरात, आधी लिहिलेलं हवं. जे कैफियतीत नाही त्याचा पुरावा पुढे घेतला जाणं अवघड.

दावा वर्षानुवर्षं रेंगाळला आणि दरम्यान मुलगा नोकरीला लागला, तर? 2001 च्या एका निकालात डॉक्टर मुलगा दरम्यान सरकारी सेवेत गेला होता, तरी मालकच जिंकला. गरज मुख्यतः दावा दाखल केला त्या दिवशीची पाहिली जाते. नंतरच्या घटनेने ती पूर्णच नाहीशी झाली असेल, तरच भाडेकरूचा फायदा होतो.

ताबा गेल्यावरही कलम 17 हाताशी असतं. मालकाने महिन्याभरात जागा वापरात घेतली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू जागा परत मागू शकतो. ताबा गेल्यापासून 13 महिन्यांच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून गाळा सोडल्यावरही त्या शटरवर लक्ष ठेवावं.