रुबातो व इतर इटालियन लयखुणा

पाश्चात्त्य स्टाफ लिपीत सुरांच्या वरखाली काही इटालियन शब्द छापलेले असतात: अलेग्रो, आंदान्ते, दोल्चे, रितार्दान्दो, रुबातो. कोणता सूर किती मात्रांचा हे लिपीतल्या खुणा सांगतात. मात्रा किती वेगाने टाकायच्या, मधेच कुठे सैल सोडायच्या, सूर गोड लावायचा की ठासून, हे या शब्दांवरून समजते. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपभर इटालियन गायकवादकांचा दबदबा होता, त्यामुळे जर्मन आणि फ्रेंच संगीतकारांनीही हेच शब्द उचलले.

बडोद्यात स्टाफ लिपी नवी नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स शाखेत सामावलेली आहे. मौलाबक्षांनी हिंदुस्थानी संगीतासाठी स्वतःची स्वरलिपीही बनवली होती. दुसरीकडे याच दरबारात फैयाज खाँ गात होते. शहरातल्या मराठी घरांतून लंडनच्या परीक्षांसाठी पियानो किंवा व्हायोलिन शिकणारी मुले या दोन्ही परंपरांच्या मधे उभी असतात. नोटेशन वाचतात पाश्चात्त्य, पण कान तयार झालेला असतो तबल्यावर. लयखुणांच्या बाबतीत हा कान फार उपयोगी पडतो, फक्त एका ठिकाणी फसवतो. ते ठिकाण रुबातो.

आधी साध्या लयखुणा. मात्रा ठोकणाऱ्या लाकडी मेट्रोनोमच्या पट्टीवर अलेग्रोसमोर, म्हणजे जलद चालीसमोर, साधारण 120 ते 168 हे आकडे असतात, आणि विद्यार्थी तोच नियम धरून बसतो. मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले 1815 मध्ये. अलेग्रो हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता, आणि तो आकड्यापेक्षा चालीचा उत्साह सांगतो. म्हणून वेग ठरवताना पहिल्या ओळीकडे पाहू नये. पानावरचे सर्वांत बारीक सूर कुठे आहेत ते आधी शोधावे. मिनिटाला 120 मात्रा ठेवल्या आणि एका मात्रेत चार सूर असले, तर सेकंदाला आठ सूर पडतात. तबल्यावर चौगुन वाजवणाऱ्याला हा हिशेब हातानेच कळतो. तिथे सूर स्वच्छ निघत नसतील तर 112 वर वाजवावे. स्वच्छ आणि उमद्या चालीचा 112 हा अडखळत्या 132 पेक्षा अधिक अलेग्रो असतो. परीक्षकही बहुतेक वेळा तेच ऐकत असतात.

रितार्दान्दो आणि राल्लेन्तान्दो म्हणजे लय हळूहळू उतरवणे. यात हमखास होणारी चूक म्हणजे शब्द दिसताच ब्रेक दाबणे. शब्द जिथे छापला आहे तिथे लय बदलू लागते, पण ऐकणाऱ्याला फरक जाणवावा तो पुढच्या मात्रेपासून. प्रत्येक अंतर आधीच्या अंतरापेक्षा किंचित मोठे झाले पाहिजे. रितेनुतो मात्र लगेच आवरायचे असते. दोन्हींचे छापील रूप ‘रित.’ असेच असल्यामुळे पुष्कळदा गोंधळ होतो. संपूर्ण शब्द नसेल तर पुढे किती मात्रा उरल्या आहेत ते बघून ठरवावे: ओळभर जागा असली तर उतरण, एक-दोन मात्राच असल्या तर आवरणे. नंतर ‘आ तेंपो’ आले की मूळ लय एकदम धरायची. ती पुन्हा चढत चढत गाठायची नसते.

रुबातो या सगळ्यांहून वेगळे आहे, कारण त्यात लय बदलत नाही. निदान त्याच्या जुन्या रूपात तरी नाही. इटालियन गायक तोसी याने 1723 च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले ते गायकांसाठी: साथ आपल्या चालीने चालू राहते, गाणारा एखाद्या सुरावर रेंगाळतो आणि तो वेळ पुढच्या सुरांतून परत करतो. मोझार्टने ऑक्टोबर 1777 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात हीच गोष्ट पियानोबद्दल सांगितली आहे. आपण संथ चालीत रुबातो वाजवतो तेव्हा डावा हात ठरल्या मात्रेत चालत राहतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. त्यांचा डावा हात उजव्याबरोबर वाहवत जातो, अशी त्याची तक्रार होती.

ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ठेका चालू असतो, गवई बोल पुढेमागे ओढतो, आणि समेवर दोघे एकत्र येतात. बडोद्याच्या विद्यार्थ्याचा कान फसतो तो इथेच. बैठकीत ठेका धरणारा दुसरा माणूस असतो. गवई कितीही रेंगाळला तरी तबलजी हलत नाही, त्यामुळे ठेका राखण्याची जबाबदारी गाणाऱ्याने कधी स्वतःवर घेतलेलीच नसते. पियानोवर तबलजी आणि गवई एकाच अंगात असतात. मन उजव्या हाताच्या सुरात रमले की डावा हातही त्याच्यामागे रेंगाळतो, आणि जिथे उसने घेतलेले परत करायचे ते ठिकाणच उरत नाही.

उदाहरण म्हणून शोपँचे ई फ्लॅटमधले नॉक्टर्न (ओपस 9, क्रमांक 2, प्रकाशन 1832) घ्यावे. वर लिहिले आहे आंदान्ते, म्हणजे संथ चाल, वेग क्वेव्हरला, म्हणजे इथल्या एका मात्रेला, 132. एका पट्ट्यात, म्हणजे बारमध्ये, बारा क्वेव्हर आहेत. बारा म्हटले की एकताल आठवतो, पण तो इथे उपयोगाचा नाही, कारण एकतालाचे विभाग दोन-दोन मात्रांचे आणि इथले गट तीन-तीनचे. बरोबर बसतात ती दादऱ्याची दोन आवर्तने. डावा हात प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेला खर्जातला सूर लावतो आणि उरलेल्या दोन मात्रांवर स्वरसंघात. हाच ठेका. तबला मशीनवर दादरा लावून मात्रा 132 ठेवल्या की एक सोडून एक येणारी सम म्हणजे नव्या बारची सुरुवात.

सरावाची पहिली पायरी म्हणजे नुसता डावा हात. आठ बार, मशीनबरोबर, मग मशीन बंद करून. आठ बारमध्ये 96 मात्रा होतात आणि 132 च्या वेगाने त्यांना सुमारे 44 सेकंद लागतात. दुसऱ्या पायरीत डावा हात वाजवत चाल गळ्याने म्हणावी. ई फ्लॅट हा षड्ज धरला तर आरंभीची उडी खालच्या पंचमावरून गंधारावर जाते आणि गळ्याला सहज येते. गाताना माणूस आपोआप वरच्या सुरावर थोडा थांबतो. हाताला तो थांबा शिकवावा लागतो, गळ्याला आधीच येत असतो. उजवा हात तिसऱ्या पायरीत.

आता एका बारचा हिशेब. 132 वर एक मात्रा 0.45 सेकंदाची, पूर्ण बार साडेपाच सेकंदांचा. समजा दुसऱ्या गटातल्या उंच सुरावर उजवा हात मात्रेचा तिसरा हिस्सा, म्हणजे 0.15 सेकंद, जास्त थांबला. डावा हात थांबत नाही, म्हणून तिसऱ्या गटाचे सूर ठेक्याच्या किंचित मागे पडतात. तिसऱ्या आणि चौथ्या गटांत मिळून पाच-सहा सूर असतील तर प्रत्येकातून 0.03 सेकंदाच्या आसपास कापले की पुढच्या समेवर दोन्ही हात एकत्र पडतात. हे आकडे मोजत वाजवायचे नसतात. ते इतके छोटे आहेत हे कळावे म्हणून दिले. नवख्याचा रुबातो याच्या तिप्पट-चौपट मोठा असतो आणि त्यात परतफेड नसते.

फसले आहे हे ओळखायचे कसे? फोनवर ध्वनिमुद्रण करून आठ बारना किती सेकंद लागले ते पाहावे. 44 ऐवजी 50 लागले असतील तर वेग 115 वर आला, म्हणजे रुबातो झालाच नाही, लय उतरली. (अनेक नामवंत वादक हे नॉक्टर्न 132 हून बरेच संथ वाजवतात, तेव्हा आपली जी मूळ लय ठरवली असेल तिच्याशी तुलना करावी.) दुसरी खूण अधिक बोचरी आहे. रेंगाळणे दर वेळी त्याच जागी येत असेल आणि ती जागा बोटांना अवघड असेल, तर तो भाव नव्हे, ती बोटांची अडचण. तिसरी खूण म्हणजे प्रत्येक मात्रेला डावा हात आधी आणि उजवा नंतर पडणे. एखाद्या ठिकाणी ते छान वाटते. सगळीकडे केले की ऐकणारा पाचव्या बारला कंटाळतो.

गंमत अशी की शोपँने या नॉक्टर्नमध्ये ‘पोको रुबातो’, म्हणजे थोडा रुबातो, ही खूण लिहिली आहे ती अगदी शेवटाकडे. म्हणून आधीच्या पानांवर मुभा कमी ठेवावी, असा निष्कर्ष काढता येतो, आणि प्रस्तुत लेखकाला तो पटतो. मात्र पुढच्या काळात शोपँने हा शब्द लिहिणेच सोडून दिले, तरी त्याचे शिष्य त्याच्या वादनातल्या रुबातोच्या आठवणी सांगत राहिले. डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा असावा, ही शिकवणही त्यांच्याकडूनच आली. तेव्हा खूण नाही म्हणजे मनाई आहे, असे म्हणता येत नाही. खूण आहे तिथे श्रोत्याला सरळ ऐकू यावा इतका रुबातो, आणि नाही तिथे वाजवणाऱ्यालाच ठाऊक असावा इतका, हे धोरण परीक्षेत आणि बैठकीत दोन्हीकडे चालते.

त्यानंतर ‘सेन्झा तेंपो’, म्हणजे लयीविना, येते आणि बारीक सुरांची एक आवर्तणारी तान सुरू होते. तिथे डावा हात गप्प आहे. ठेकाच नाही, म्हणून परतफेडीचा प्रश्नही नाही. ही जागा आलापाची. ती सावकाश सुरू करून मधे वेग घ्यावा आणि शेवटी पुन्हा सैल सोडावी, पण चार-चार सुरांचे गट ऐकू येतील असे ठेवून. तान संपल्यावर डावा हात परत येतो तेव्हा तो आधीच्याच ठेक्यात आला पाहिजे. यासाठी तानेच्या शेवटच्या सुरावर असताना मनात दादऱ्याचा एक ‘धा धी ना’ म्हणून घ्यावा आणि मगच खर्जाचा सूर लावावा. व्हायोलिनवर हीच रचना वाजवताना साथीला पियानो असेल तर हा ‘धा धी ना’ साथीदाराने मोजावा, आणि व्हायोलिनवाल्याने त्याच्याकडे न पाहता समेवर यावे.