जुनाच पत्ता का दिसतो? डीएनएसच्या शोधामागची पार्श्वभूमी

1983 च्या आधी इंटरनेटवरच्या यंत्रांची नावे आणि पत्ते HOSTS.TXT नावाच्या एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्था ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रे वाढत गेली तसे हे झेपेना. मग 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. त्यात ज्याचे नाव, त्यानेच त्याची नोंद ठेवायची.

पण शोधायचे कोणी? त्या काळच्या छोट्या संगणकांत तेवढी ताकद नव्हती. म्हणून 1987 च्या RFC 1034 ने शोधाचे काम दुसऱ्या सर्व्हरवर सोपवायची वाट दिली. आपल्या मोबाइलमधला स्टब रिझॉल्व्हर आजही त्याच वाटेने जातो. तो एकच प्रश्न विचारतो आणि तयार उत्तराची वाट पाहतो. पायपीट करतो तो रिकर्सिव्ह सर्व्हर. नाव .in मधले असेल तर तो आधी रूट सर्व्हरला विचारतो. रूट पत्ता देत नाही, .in चे सर्व्हर कोणते तेवढे सांगतो. .in चे सर्व्हर त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरकडे बोट दाखवतात. खरा पत्ता तिथेच मिळतो.

दर वेळी एवढी फेरी नको, म्हणून रिकर्सिव्ह सर्व्हर उत्तर जपून ठेवतो. किती सेकंद, हे नोंदीतला टीटीएल ठरवतो. गडबड होते ती बहुतेक इथेच.

समजा, लातूरच्या एका महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी सकाळी 10 वाजता संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले. टीटीएल 86400, म्हणजे पूर्ण एक दिवस. औशाच्या विद्यार्थ्याचा रिकर्सिव्ह सर्व्हर 9:50 ला जुना पत्ता घेऊन गेला असेल, तर उद्या 9:50 पर्यंत तो जुनाच पत्ता देऊ शकतो. उदगीरच्या मुलीच्या रिकर्सिव्ह सर्व्हरने पहिल्यांदा 10:05 ला विचारले, तर तिला लगेच नवे पान दिसेल. दोघांचेही नेट ठीकच आहे. खात्री अशी करा (नाव नमुन्याचे आहे, आपले घाला):

```
dig www.college.example
dig +norecurse @ns1.college.example www.college.example
```

पहिली आज्ञा थोड्या वेळाने पुन्हा चालवा. टीटीएलचा आकडा उतरत असेल, तर उत्तर साठ्यातले आहे. दुसरीत थेट अधिकृत सर्व्हरला विचारले आहे. तिथे `flags` मध्ये `aa` दिसते आणि टीटीएल पूर्ण असतो. तिथे नवा पत्ता आणि पहिलीत जुना असेल, तर नोंद बरोबर आहे, फक्त साठा संपायचा आहे.

बदल झाल्यावर टीटीएल कमी करून काही साधत नाही, कारण जुनी नोंद आपली जुनी मुदत घेऊनच बाहेर गेलेली असते. तो किमान एक दिवस आधी 300 वर आणावा आणि स्थलांतरानंतरही जुना सर्व्हर काही काळ चालू ठेवावा. नवे सबडोमेन नोंदवण्याआधी उघडूनही पाहू नये. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा रिकर्सिव्ह सर्व्हर जपून ठेवतो आणि त्याची मुदत डोमेनच्या एसओए नावाच्या मुख्य नोंदीवरून ठरते.