ड्रायरमधला गोळा आणि ड्रायरमधली शीट

साताऱ्यात जून ते सप्टेंबर दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली लागते. त्यामुळे शाहूपुरीपासून गोडोलीपर्यंतच्या फ्लॅटांत ड्रायरचं आता कुणाला नवल वाटत नाही. ड्रायर घरात आला की त्याच्यामागे दोन वस्तू येतात. कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायचे लोकरीचे गोळे ऑनलाइन मागवले जातात आणि तशाच टाकायच्या पातळ कापडी ड्रायर शीटचा डबा परदेशातून आलेलं कुणीतरी बॅगेतून आणतं. दोन्हींवर साधारण एकच वचन असतं: कपडे लवकर वाळतील, मऊ राहतील, अंगाला चिकटणार नाहीत. म्हणून लोक एक संपलं की दुसरं घालतात. पण या दोन वस्तूंची कामं वेगळी आहेत, आणि दोघींनाही जमत नाही असंही काही आहे.

आधी वाळण्याचं बघू, कारण गोळ्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

समजा, चार किलो कोरडे कपडे आहेत, बहुतेक सुती: दोन डबल बेडच्या चादरी, टॉवेल, एक जीन्स. वॉशिंग मशीनने हजार आरपीएमवर पिळल्यानंतर कपड्यांत त्यांच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं, म्हणजे जवळपास २.४ लिटर. हे सगळं पाणी वाफ करून घालवायचं आहे. साध्या हीटरच्या ड्रायरला एका लिटरमागे किमान दोन-तृतीयांश युनिट वीज लागते, म्हणजे दीड युनिटाच्या वर खर्च ठरलेलाच; मशीनमध्ये वाया जाणारी उष्णता वेगळी.

आता त्यात सहा गोळे टाकले. एक गोळा ४० ग्रॅमचा धरला तर सगळे मिळून २४० ग्रॅम. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल सहज पोटात ठेवते, तरी हाताला कोरडी लागते. हे खरं आहे आणि जाहिरातीतही हेच सांगतात. पण २४० ग्रॅमच्या ३० टक्के म्हणजे ७२ ग्रॅम. २.४ लिटरमधलं हे जेमतेम ३ टक्के पाणी झालं. शिवाय ते कपड्यातून गोळ्यात गेलं, ड्रममधून बाहेर गेलं नाही. गोळाही वाळायला हवाच.

तेच कपडे चौदाशे आरपीएमवर पिळले तर पाणी ५० टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे दोन लिटर. नुसत्या पिळण्याने ४०० ग्रॅम पाणी गेलं, तेही मोजण्याइतकी वीज न खाता. माझ्या मते ड्रायरचा वेळ कमी करायचा असेल तर आधी वॉशिंग मशीनचं स्पिनचं बटण बघावं, गोळ्यांचं नंतर.

मग गोळ्याचा उपयोग काय? तो पाणी शोषत नाही, वाट मोकळी करतो. डबल बेडची चादर ड्रममध्ये फिरताना पिळा घेते आणि तिच्या पोटात दोन-तीन टॉवेल गुंडाळले जातात. बाहेरून सगळं कोरडं आणि आत हात घातला की गार ओलं गाठोडं, हे चित्र ड्रायरवाल्या प्रत्येक घरात ओळखीचं आहे. लोकरीचे गोळे आपटत राहतात, थर सुटे ठेवतात आणि गरम हवा आत जाते. त्यासाठी त्यांना पडायला जागा हवी. ड्रम दाबून भरला असेल तर गोळे कपड्यांत रुतून बसतात आणि काहीच करत नाहीत. दोन-चार शर्टांच्या लहान घाण्यातही फरक कळत नाही.

आणखी एक गोष्ट. ड्रायर ठरावीक वेळेसाठी लावला असेल, समजा नव्वद मिनिटं, तर गोळे घातले काय आणि न घातले काय, तो नव्वद मिनिटंच चालणार. ओल मोजून आपोआप थांबणारा प्रोग्रॅम असेल तरच वाचलेला वेळ दिसेल. खात्री करायची तर बॅग मोजायच्या काट्यावर कपडे कोरडे असताना आणि पाऊण तास ड्रायर चालवल्यावर तोला. पुढच्या वेळी तेच कपडे, तेच स्पिन, गोळे घालून.

शीट वाळण्याच्या कामात अजिबात नाही. ती न विणलेल्या पातळ कापडाची असते, बहुधा पॉलिएस्टरच्या, आणि तिच्यावर मेणासारखा थर असतो. कपडे मऊ करायला आपण धुताना जे कंडिशनर घालतो, त्याच जातीचं रसायन. ड्रम तापला की थर पाघळून कपड्यांवर अगदी पातळ लागतो. त्यामुळे धागे एकमेकांवर कमी घासतात आणि थोडी ओल धरून ठेवल्यामुळे जमलेला विजेचा भार निसटून जातो. साडी पायाला चिकटणं आणि ओढणी झटकताना चटचट ठिणगी उडणं थांबतं ते यामुळे. स्टॅटिकच्या बाबतीत शीट निर्विवाद पुढे आहे. धुताना कंडिशनर घातलं असेल तर मात्र वर शीट म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

गोळ्याची इथे उलटीच गंमत होते. घासल्यावर लोकर धन भार घेते आणि पॉलिएस्टर ऋण. म्हणजे कोरडाठाक गोळा पॉलिएस्टरच्या साडीवर आपटला तर भार कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. लोकर मदत करते ती तिच्यातल्या ओलीमुळे, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गरम ड्रममध्ये ती ओल उरलेली नसते. एक मावशी मला म्हणाल्या, "अगं, सहाचे आठ गोळे केले, तरी परकर चिकटतोच." आठ काय, बाराही केले तरी चिकटेल. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी धरत नाही, म्हणून ते टॉवेलांच्या कितीतरी आधी वाळतं, आणि टॉवेल वाळेपर्यंत कोरडंच घासत राहतं. साडी, ओढणी, परकर यांचा घाणा वेगळा लावा आणि किंचित दमट असतानाच बाहेर काढा. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. पावसाळ्यात बाहेर आल्यावर दमट हवेत भार लवकर उतरतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तो टिकून राहतो, म्हणून तक्रारी तेव्हा वाढतात.

माण-खटावकडच्या घोंगडीच्या लोकरीचे गोळे घरी करावेत, असं मनात येतं खरं. पण ती लोकर राठ. तिचे केस काळ्या कपड्यांवर आणि ओढणीच्या जाळीत अडकून बसतात. गोळ्याला मऊ लोकर हवी.

शीटचा तोटा टॉवेलवर कळतो. तोच मेणाचा थर पाणी टिपू देत नाही. टॉवेल मऊ लागतो, पण अंग पुसताना पाणी नुसतं पसरतं. म्हणून टॉवेल, मायक्रोफायबरची फडकी आणि घाम ओढणारे खेळाचे कपडे यांच्यात शीट घालू नये. लहान मुलांच्या पेट न घेणाऱ्या रात्रीच्या कपड्यांच्या लेबलवरही तिला मनाई असू शकते, तेवढं वाचून घ्यावं.

हा थर ड्रायरच्या जाळीवरही साचतो. जाळी दिसायला स्वच्छ असते, कारण वरचे तंतू आपण रोज काढतो. ती नळाखाली आडवी धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. थेंब जाळीवर थबकून टिकले तर छिद्रं बुजत चालली आहेत आणि हवा अडतेय. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यानं ती मोकळी होते. पूर्ण वाळवूनच परत बसवा. ड्रममधल्या ओल मोजणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही असाच थर बसला आणि ड्रायर कपडे ओले असताना थांबू लागला, तर त्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

आपल्याकडे अनेकांकडे धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये असतं. त्यात दोन्ही वस्तू सुरुवातीलाच टाकू नका. शीट धुण्यातच वाया जाते आणि गोळा पाण्यात भिजून वाळवायचा एक कपडा वाढतो. आधी फक्त धुवून घ्या, दार उघडून चादरी झटका, ड्रायिंगच्या क्षमतेपेक्षा जास्त असलेले कपडे बाहेर काढा आणि मग गोळे टाकून वाळवणं वेगळं सुरू करा.